किल्लीची पर्यायी जबाबदारी

बँकेच्या सेवेत असताना नकार देण्याचे प्रसंग पुष्कळ आले. कर्ज नाकारणे त्या मानाने सोपे असते, कारण तेथे नियम आपल्या वतीने बोलतो. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला ‘या आठवड्यात मी तुमचा पर्याय म्हणून उभा राहू शकत नाही’ असे सांगणे मात्र जड जाते.

साधारण 2006 च्या सुमाराची गोष्ट आहे. तेव्हा आमच्या शाखेच्या एटीएममध्ये रोकड भरण्याचे काम आम्हीच करीत असू. तिजोरीची किल्ली एका अधिकाऱ्याकडे आणि कुलपाचा गुप्त क्रमांक मुख्य रोखपालाकडे, अशी दुहेरी व्यवस्था होती. सुट्टीच्या दिवशी यंत्र बंद पडले की रखवालदार फोन करी व दोघांना जावे लागे. किल्लीधारकाला अडचण आली, तर त्याच्याकडून सहीनिशी किल्ली घेणारा एक पर्यायी अधिकारी ठरलेला असे. त्या आठवड्यात किल्ली एका तरुण सहकाऱ्याकडे होती आणि पर्याय मी होतो. शुक्रवार ते रविवार सलग सुट्टी होती, त्यातच महिन्याचा आरंभ, म्हणजे पगाराची गर्दी. नेमके शनिवारी संध्याकाळी डॉक्टरांनी पत्नीच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी पुढचा गुरुवार दिला. घरी दुसरे कोणी नव्हते आणि डोळ्यांत दर काही तासांनी थेंब घालायचे होते.

सोमवारी कामकाज सुरू होण्यापूर्वीच मी त्याला गाठले. म्हणालो, “बुधवारी संध्याकाळी सहापर्यंत मी आहे. त्यानंतर पुढच्या सोमवारी सकाळपर्यंत मला धरू नका.”

तो म्हणाला, “सर, अगदीच अडलं तर फोन केला तर चालेल ना?”

‘बघू’ असे उत्तर जिभेवर आले होते. पण रखवालदाराच्या यादीत माझे नाव राहिले, तर तो मलाच फोन करीत बसेल आणि दुसऱ्या माणसाचा विचार कोणाच्याही मनात येणार नाही. पर्याय कागदावर असतो, जागेवर नसतो, हे त्या रिकाम्या जागेपेक्षा वाईट; रिकामी जागा निदान दिसते तरी. म्हणून म्हणालो, “नाही, फोनही नको. पण कोणाला धरता येईल ते आज आपण दोघे मिळून पाहू.”

कर्ज विभागातील एका अधिकाऱ्याला मी आधीच विचारून ठेवले होते. न विचारता दुसऱ्याचे नाव पुढे करणे म्हणजे आपले ओझे गुपचूप त्याच्या टेबलावर ठेवणे होय. तो तयार होता, मात्र रविवारी दुपारी चारनंतर तो गावाबाहेर जाणार होता. शिवाय एक मेख होती. गेल्या महिन्यापर्यंत गुप्त क्रमांक त्याच्याकडेच होता. किल्ली आणि क्रमांक एकाच माणसाच्या हाती आले, तर दुहेरी ताब्याला अर्थच उरत नाही. आम्ही नोंदवही काढली. त्याच्याकडून कार्यभार घेतानाच रोखपालाने क्रमांक बदलल्याची तारीख व सह्या होत्या, त्यामुळे त्याला माहीत असलेला क्रमांक निकामी झाला होता. ही नोंद सापडली नसती, तर आधी क्रमांक बदलावा लागला असता. तिजोरीचे दार उघडे ठेवून नवा क्रमांक दोन-तीनदा लावून पाहायचा व मगच दार बंद करायचे, असे ते काम. घाईगर्दीत करण्यासारखे नव्हे.

दुसरी सूचना रोकडीची होती. यंत्रात नोटांच्या चार पेट्या, प्रत्येकीत सुमारे 2000 नोटा. दोन पेट्या पाचशेच्या आणि दोन शंभराच्या धरल्या, तर 24 लाख रुपये होतात. एरवी आम्ही इतके भरत नसू. शाखेच्या मर्यादेत बसत होते, म्हणून बुधवारी, मी असतानाच, पेट्या पूर्ण भरायचे ठरले. सहकाऱ्याला वाटले, आता पर्यायाची गरजच काय? मी त्याला थांबवले. रोकड संपण्याची भीती यामुळे कमी होते, परंतु नोट अडकली किंवा नाकारलेल्या नोटांचा कप्पा भरला, तर भरलेले यंत्रही बंदच पडते. पावतीचा कागद संपला, तर वरचा कप्पा उघडून भागते. नोटेसाठी मात्र तिजोरीच उघडावी लागते.

रविवारी चारनंतरचे तास उरलेच होते. तेवढ्यासाठी शाखाधिकाऱ्यांनी स्वतः किल्ली घेण्याची तयारी दाखवली. त्यांच्यापुढे प्रश्न नेला, तो तारखा-वेळांसह आणि दोन नावांसह, त्यामुळे बोलणे पाच मिनिटांत संपले. बदल्यात त्या सहकाऱ्याची दोन आठवड्यांनंतरची पाळी मी घेतली. बुधवारी रोकड भरून झाल्यावर मी रखवालदाराच्या खोलीत जाऊन भिंतीवरची यादी बदलली आणि माझा नंबर खोडला. हे काम दुसऱ्यावर सोपवायला मन तयार नव्हते.

शनिवारी दुपारी नोट अडकलीच. सहकारी व रोखपाल गेले आणि अर्ध्या तासात यंत्र सुरू झाले. पर्यायाला बोलवावे लागले नाही. हे सारे मला सोमवारी सकाळी नोंदवही वाचताना समजले.