मेन्यू कार्डातलं 'चकिन' आणि तीस रुपयांचा फरक

आज राजकारण नाही, मेन्यू कार्ड.

अकलूजमधल्या एका हॉटेलवाल्या मित्राने परवा रात्री व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवली. "दादा, उद्या सकाळी छापायला जाणारे, मराठीवर एकदा नजर टाका." चार पानं, डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी, दोन्हीकडे दर. इंग्रजी बाजू चकाचक. मराठीत मात्र 'चकिन हंडी', 'मसिळ', आणि 'रस्सा'मधला अर्धा स पाय मोडून पडलेला. त्याहून गंभीर म्हणजे मटण थाळी मराठीत ३२० आणि इंग्रजीत ३५०.

लोकांना वाटतं टाइप करणाऱ्याला मराठी येत नाही. तसं नसतं. आपल्याकडच्या डीटीपीवाल्यांकडे वर्षानुवर्षं कोरलड्रॉ आणि श्रीलिपीसारखे जुने फॉन्ट आहेत. त्या फॉन्टमध्ये केलेली फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर फॉन्ट नसेल तर अगम्य इंग्रजी अक्षरं दाखवते. म्हणून छपाईला देण्याआधी मजकूर 'कर्व्ह' करतात, म्हणजे अक्षराचं चित्र करून टाकतात. छपाईसाठी ते बरोबरच आहे. पण चित्र झालं की त्यातला आकडा खोडून नवा टाइप करता येत नाही.

इथे नेमकं तेच झालं होतं. दोन वर्षांपूर्वीची कर्व्ह केलेली फाइल तेवढी शिल्लक होती, मूळ फाइल गेलेली. इंग्रजी बाजू मात्र कर्व्ह न करता तशीच ठेवलेली. दर वाढले तेव्हा इंग्रजी आकडे दोन मिनिटांत बदलले, मराठी चित्रं राहिली जुनीच. नवे पदार्थ मालकाने मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप करून पाठवले, ते जुन्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवले. त्याला पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढायची हे समजत नाही, आणि जोडाक्षर जोडता येत नाही. चिकनचं चकिन झालं ते असं.

आता सांगा, गिऱ्हाईक मराठी बाजू वाचून ३२० ची थाळी मागवणार आणि बिल ३५० चं येणार. गल्ल्यावर भांडण होणार, आणि त्यात चूक गिऱ्हाइकाची नाही. वारीच्या दिवसांत बाहेरगावची माणसं दर बघूनच बसतात, त्यांच्याशी हे होऊ नये.

रात्री आम्ही काय केलं ते सांगतो, कुणाच्या कामी येईल. एक्सेलमध्ये एक तक्ता केला: मराठी नाव, इंग्रजी नाव, दर. दर एकदाच लिहायचा. मग तो रकाना दुसरीकडे उतरवून तिथे शून्य ते नऊ असे दहा आकडे 'रिप्लेस'ने देवनागरी करून घेतले. त्यामुळे दोन बाजूंना दोन दर होण्याची शक्यताच राहिली नाही. तो मजकूर युनिकोड नीट समजणाऱ्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये घेतला. मराठी अक्षर इंग्रजीपेक्षा दोन पॉइंट मोठं ठेवलं, कारण वर-खालच्या मात्रांमुळे त्याच मापात ते बारीक दिसतं. अक्षरं फक्त काळ्या शाईत ठेवली. चार रंग मिसळून केलेला काळा छपाईत जरा सरकला की अनुस्वार फिसकटतो. कडेला कापायला ३ मिलिमीटर जादा सोडलं. आणि कर्व्ह करण्याआधीची फाइल वेगळ्या नावाने मालकाच्या मेलवर ठेवली. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं.

तपासताना एकाने मराठी नाव आणि दर मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने इंग्रजीत बोट ठेवायचं. मित्राच्या मुलीने बोट ठेवलं, तेव्हा दोन पदार्थांची इंग्रजी नावं एकमेकांच्या जागी सापडली.

अजून एक. कार्डाच्या तळाशी बारीक अक्षरात 'टॅक्स वेगळा' असं होतं, तेही फक्त इंग्रजीत. नेटवरच्या नमुन्यातून आलेलं. मित्र जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत आहे. या योजनेतल्या हॉटेलला ५ टक्के कर स्वतःच्या खिशातून भरावा लागतो, गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही. ती ओळ काढली. जे नियमाप्रमाणे वेगळा जीएसटी आकारतात त्यांनी ती ठेवावी, पण मराठीतही लिहावी, आणि दराच्याच मापात.

दुकानाच्या पाटीवर मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नको, असा कायदा २०२२ पासून लहान दुकानांनाही लागू आहे. सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०२३ मध्ये दोन महिन्यांची मुदत दिली आणि गावोगाव पाट्या बदलल्या. मेन्यू कार्ड पाटीत मोडत नाही, त्यामुळे आत काय छापलंय ते कुणी बघायला येत नाही.

हॉटेलवाल्या मित्रांनो, तुमच्या कार्डाची पीडीएफ उघडा आणि मराठी शब्दावर बोट दाबून धरा. शब्द निवडला गेला नाही तर ते बहुतेक चित्र आहे. आजच डीटीपीवाल्याकडून मूळ फाइल मागून घ्या, दर पुन्हा वाढायच्या आत.