पाच टक्क्यांचा स्टॉपलॉस मी का सोडला

मी डिलिव्हरीत शेअर घेतो, दोन-चार आठवडे ठेवतो आणि विकतो. दिवसभर दुकान असतं, त्यामुळे स्क्रीनसमोर बसणं जमत नाही. म्हणून नियम दोनच ठेवले होते. एका सौद्यात दोन हजारांपेक्षा जास्त घालवायचे नाहीत, आणि स्टॉपलॉस खरेदीच्या भावाखाली पाच टक्क्यांवर लावायचा. शेअर कुठलाही असो, पाच टक्के म्हणजे पाच टक्के.

एका धातू कंपनीचे 100 शेअर 400 रुपयांना घेतले. स्टॉपलॉस 380. दोन-तीन दिवसांत एका दुपारी भाव 376 पर्यंत घसरला, माझा माल विकला गेला आणि बाजार बंद होताना तोच शेअर 391 वर होता. त्याच पंधरवड्यात तो 430 ला पोचला. असं याआधीही झालं होतं आणि दर वेळी मी ऑपरेटरला शिव्या घालून मोकळा व्हायचो. जणू काही माझ्या 100 शेअरवर कोणी टपून बसलं होतं!

त्याच सुमारास साबण-शाम्पू बनवणाऱ्या एका कंपनीचे 16 शेअर 2,400 ला घेतले होते. तिथे उलटंच झालं. शेअर झटकन पडला नाही, रोज थोडा थोडा उतरत राहिला. चाल फसली आहे हे 2,340 च्या खालीच दिसत होतं, पण स्टॉपलॉस 2,280 वर होता. तिथे तो पोचायला महिना लागला आणि 1,920 रुपये गेले.

आमच्या बिल्डिंगमध्ये एक निवृत्त बँक अधिकारी राहतात. ते जुने ट्रेडर. त्यांना दोन्ही सौदे सांगितले, तर त्यांनी एवढंच विचारलं, “अहो, हे शेअर दिवसाला किती हलतात ते बघितलंत का?”

मी बघितलं नव्हतं. त्यांनी चार्ट उघडून खाली एटीआर लावून दिला. एटीआर म्हणजे शेअर एका दिवसात सरासरी किती रुपये हलतो त्याचं माप. वेल्स वाइल्डर यांनी 1978 मध्ये ते मांडलं आणि त्यांनी वापरलेले 14 दिवसच बहुतेक चार्टवर आपोआप येतात. दिवसाचा उच्चांक वजा नीचांक, एवढाच हा हिशोब नाही. काल शेअर 402 वर बंद झाला आणि आज तो 398 ते 386 मध्ये फिरला, तर आजची पट्टी दिसते 12 रुपयांची. पण कालच्या बंद भावापासून तो 16 रुपये खाली गेला होता. म्हणून आजची खरी हालचाल 16 धरायची. सकाळी पडणारी गॅप अशी हिशोबात येते. मग रोज कालच्या एटीआरला 13 ने गुणायचं, त्यात आजची हालचाल मिळवायची आणि 14 ने भागायचं. चार्ट हे आपोआप करतो, पण मी एकदा वहीत करून बघितलं. काल एटीआर 16 असेल आणि आज शेअर 30 रुपये हलला, तर नवा एटीआर 17. म्हणजे एका दांडगट दिवसाने आकडा फार उड्या मारत नाही.

धातूच्या शेअरचा एटीआर होता 16 रुपये. माझा स्टॉपलॉस 20 रुपयांवर, म्हणजे जेमतेम सव्वा दिवसाच्या नेहमीच्या हालचालीवर. तो उडणारच होता. साबणवाल्याचा एटीआर 30 आणि माझा स्टॉपलॉस 120 रुपये लांब, चार दिवसांच्या हालचालीएवढा. दोन्हीकडे पाच टक्केच, पण एका जागी उंबऱ्यात आणि दुसऱ्या जागी गावाबाहेर.

तेव्हापासून स्टॉपलॉस दोन एटीआरवर लावतो. दोनच का, याला शास्त्र नाही. दीडवर ठेवून बघितला तर मला तो वरचेवर लागायचा, तीनवर ठेवला तर शेअर फारच कमी येतात. खरा बदल नगांच्या संख्येत झाला. आधी स्टॉपलॉस ठरवायचा, मग दोन हजारांना त्या अंतराने भागायचं. धातूच्या शेअरला अंतर 32 रुपये, म्हणून स्टॉपलॉस 368 आणि शेअर 62. स्टॉपलॉस लांब गेला तरी तोटा दोन हजारांतच राहतो. हे भागायचं विसरून 100 शेअरच घेतले, तर मात्र तोटा 3,200 होतो.

याची किंमतही सांगतो. शेअर 400 वरून 430 ला गेला, तर 100 शेअरवर 3,000 मिळाले असते, 62 वर 1,860 मिळतात. सुरुवातीला हे मनाला लागतं.

एक गोष्ट मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे. खरेदीच्या दिवशीचा एटीआर तोच धरायचा. शेअर पडू लागला की हालचाल वाढते आणि एटीआर फुगतो. 16 चा 18 झाला की नव्या हिशोबाने स्टॉपलॉस 368 वरून 364 वर जातो, आणि आपल्याला वाटतं की गणितानेच परवानगी दिली. स्टॉपलॉस वर सरकवतो, खाली कधीच नाही.

आता एटीआरचा उपयोग जिथे होत नाही, ते. साबणवाल्या कंपनीत काही महिन्यांनी पुन्हा शिरलो. भाव पुन्हा 2,400 आणि एटीआर 30च होता. अंतर 60, म्हणून शेअर 33. म्हणजे दोन हजारांच्या जोखमीसाठी 79,200 रुपये एकाच शेअरमध्ये अडकले. मध्ये तिमाही निकाल आले आणि शेअर थेट 2,260 वर उघडला. माझी जीटीटी 2,340 ला लागायची होती आणि लिमिट होती 2,335. ऑर्डर लागली, पण 2,335 ला घेणारा कोण? ती तशीच पडून राहिली. जेवायला घरी आल्यावर बघितलं आणि 2,250 ला विकून टाकले. तोटा 4,950. मागच्या 14 दिवसांची सरासरी उद्याच्या निकालाबद्दल काही सांगत नाही. शांत शेअरमध्ये तर ती जास्तच फसवते, कारण आकडा लहान म्हणून नग जास्त येतात.

आता हिशोबात कितीही शेअर आले तरी एका कंपनीत माझ्या भांडवलाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त घालत नाही. निकालाची तारीख जवळ असेल तर निम्मे आधीच विकतो. लिमिटही ट्रिगरला चिकटून ठेवत नाही, एक एटीआर खाली ठेवतो. तरी त्या वेळेसारखी मोठी गॅप पडली तर ऑर्डर अडकतेच, म्हणून निकालानंतरच्या सकाळी सव्वानऊला मोबाइल उघडतो. लोअर सर्किटला अडकणाऱ्या छोट्या शेअरमध्ये हे काहीच चालत नाही, कारण तिथे घेणाराच नसतो. ते मी घेणंच सोडलं.

तुमचाही ठरावीक टक्क्यांचा नियम असेल, तर तो लगेच मोडू नका. हातातल्या प्रत्येक शेअरचा डेली चार्टवरचा एटीआर बघा आणि तुमच्या स्टॉपलॉसच्या अंतराला त्याने भागा. उत्तर दीडच्या खाली आलं, तर पुढच्या खरेदीत अंतर वाढवा आणि त्या प्रमाणात शेअर कमी घ्या.