आधी भिंत, मग स्विचबोर्ड

मी मुंबईत सिनेमांच्या व्हीएफएक्सचं काम करते. नको असलेल्या वस्तू चित्रातून काढणं आणि हव्या असलेल्या चिकटवणं, हे माझं रोजचं काम. त्यातला एक शॉट इथे सविस्तर सांगते, कारण ट्रॅकिंग आणि रोटो ही दोन्ही मूळ तंत्रं त्यात लागली होती, आणि ती कुठल्या क्रमानं वापरायची हेही त्यातून नीट कळतं.

सिनेमाचा काळ १९४२ सालचा. शॉट सहा सेकंदांचा, म्हणजे सेकंदाला २५ प्रमाणे १५० फ्रेम. कॅमेरा खांद्यावर असल्यामुळे चित्र सतत हलतं. वाड्याच्या ओसरीतून एक तरुणी उजवीकडून डावीकडे चालत जाते. पुढे लाकडी खांब, मागे पोपडे आलेली चुन्याची भिंत. आणि त्या भिंतीवर दाराशेजारी पांढरा प्लॅस्टिकचा स्विचबोर्ड, त्यातून वर तुळईपर्यंत गेलेली वायरिंगची पट्टी. हे दोन्ही काढायचं होतं आणि भिंतीवर त्या काळातलं कॅलेंडर लावायचं होतं.

दिग्दर्शकांनी विचारलं, “कॅलेंडरनंच बोर्ड झाकता येणार नाही का?”

“बोर्ड झाकला जाईल, सर, पण पट्टी वरपर्यंत गेली आहे. तिच्यासाठी भिंत दुरुस्त करावी लागणारच. कॅलेंडर जरा उंच लावू, तरुणीच्या डोक्याच्या वर. म्हणजे ती त्याच्यासमोरून कधी जाणारच नाही.”

जागेची ही निवड महत्त्वाची असते. चिकटवलेल्या वस्तूसमोरून काही गेलं नाही, तर तिथलं रोटोचं सगळं काम वाचतं.

सुरुवात ट्रॅकिंगपासून. ट्रॅकर प्रकाश आणि अंधाराची एक नक्षी लक्षात ठेवतो आणि पुढच्या फ्रेममध्ये ती कुठे सरकली ते शोधतो. एका बिंदूवरून फक्त सरकणं कळतं; दोन बिंदूंवरून फिरणं आणि लहानमोठं होणंही; चार बिंदू मिळाले तर सपाट पृष्ठभागाचं तिरकं होणंसुद्धा. मी प्लेनर ट्रॅकर वापरला. तो सुटे बिंदू न धरता एका सपाट भागावरचा सगळा पोत एकत्र वाचतो. भिंत सपाट होती, म्हणून तो इथे योग्य.

काढायची वस्तू स्विचबोर्ड, म्हणून ट्रॅकही त्याचाच करावा असं पहिल्यांदा कुणालाही वाटतं. पण बोर्ड गुळगुळीत होता, त्याच्या आत धरण्यासारखा पोत नव्हता, आणि त्यावरची चमक कॅमेऱ्याबरोबर जागा बदलत होती. चमक पृष्ठभागाला चिकटलेली नसते, त्यामुळे ट्रॅकर फसतो. म्हणून मी आकार काढला तो बोर्डाभोवतीच्या पोपड्यांचा. बोर्ड आणि पट्टी त्यातून वगळली. खांबही बाहेर ठेवला. तो कॅमेऱ्याच्या जवळ होता, आणि जवळची वस्तू लांबच्या भिंतीपेक्षा चित्रात जास्त सरकते. दोन्ही गती एकत्र मोजल्या तर येणारं उत्तर ना भिंतीचं असतं, ना खांबाचं. तरुणी भिंतीसमोरून जाते तेवढ्या फ्रेमपुरता तिच्याभोवती एक ढोबळ आकार काढून तीही वगळली.

भिंत सर्वांत स्पष्ट होती ४०व्या फ्रेमला. तिथून मी पुढे आणि मागे ट्रॅक केला. ट्रॅक बरोबर आहे का, हे पाहण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे त्याचं उलटं गणित चित्रालाच लावणं. मग भिंत पडद्यावर स्थिर उभी राहते आणि बाकी सगळं तिच्याभोवती हलतं. पोपड्याच्या एका टोकावर नजर ठेवली, की ते हळूहळू सरकतंय का ते दिसतं. इथे शेवटच्या काही फ्रेममध्ये ते सरकत होतं. अर्धा पिक्सेल सरकला तरी चिकटवलेली वस्तू भिंतीवर तरंगल्यासारखी वाटते, म्हणून तिथे हातानं दुरुस्ती केली.

मग ठिगळ. ४०व्या फ्रेमचं स्थिर चित्र घेऊन शेजारचा चुना बोर्डावर, पट्टीवर आणि त्यांच्या बारीक सावलीवरही रंगवला. वस्तू गेली आणि तिची सावली उरली, तर डोळा तिथेच अडतो. रंगवलेला भाग मऊ कडांनी कापून ट्रॅकला जोडला. पण एका फ्रेमचं ठिगळ दीडशे फ्रेम वापरलं, की त्यावरचा ग्रेन गोठलेला राहतो. आजूबाजूला भिंत बारीक सळसळत असते आणि तेवढाच तुकडा निर्जीव दिसतो. म्हणून ठिगळातला मूळ ग्रेन आधी काढायचा आणि मूळ चित्राशी जुळणारा, दर फ्रेमला बदलणारा नवा ग्रेन घालायचा. लाल, हिरवा, निळा असे तिन्ही चॅनल वेगवेगळे पाहून. निळ्यात तो बहुधा सर्वांत जास्त असतो. तरुणी जवळ येते तेव्हा भिंतीवर तिची पुसट सावली पडत होती, ती ठिगळावरही मऊ आकारानं पाडली.

आता तरुणी ठिगळाच्या मागे गेलेली दिसत होती. तिला परत पुढे आणणं म्हणजे रोटो. १९१५ साली मॅक्स फ्लायशर यांनी या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला, तेव्हा चित्रित फिल्म एकेक फ्रेम काचेवर पाडून हातानं गिरवायची होती. आज बाह्यरेषा संगणकावर काढतो, पण नजर तीच लागते.

पूर्ण तरुणी कापण्याची गरज नव्हती. ६२ ते ९४ या फ्रेममध्ये तिचा जेवढा भाग ठिगळासमोर येत होता, तेवढाच. तोही एका सलग रेषेत न काढता डोकं, खांदा, दंड आणि पदर असे वेगळे आकार केले, कारण प्रत्येकाची चाल वेगळी. चालताना माणूस वरखाली होतो. तिचं एक पाऊल साधारण १२ फ्रेमचं होतं, म्हणजे दर सहा फ्रेमनी शरीर सर्वांत वर किंवा सर्वांत खाली. डोक्याच्या आणि खांद्याच्या की-फ्रेम मी तिथेच ठेवल्या: ६२, ६८, ७४, ८०, असं पुढे. मधलं संगणक भरतो, आणि चुकेल तिथेच नवी की-फ्रेम घालायची. दर फ्रेमला रेषा नव्यानं काढली तर कडा उकळल्यासारखी थरथरते. रेषेवरचा बिंदू खांद्याच्या शिवणीवर ठेवला असेल, तर तो शेवटपर्यंत त्या शिवणीवरच राहायला हवा.

हलत्या दंडाची कड पुसट होती, कारण प्रत्येक फ्रेम सेकंदाच्या पन्नासाव्या भागाइतकी उघडी होती. अशा वेळी रेषा पुसटपणाच्या मधोमध ठेवून आकाराला तेवढ्याच शटरचा मोशन ब्लर द्यायचा. केसांच्या बटा मात्र कापायच्या नाहीत. ठिगळाचा रंग भिंतीशी जुळला असेल, तर तिथे मऊ कड पुरते.

कॅलेंडर त्याच ट्रॅकवर चार कोपऱ्यांनी बसवलं. त्यातला सर्वांत गडद काळा मी ओसरीतल्या काळ्याइतकाच ठेवला, कडा भिंतीइतक्या मऊ केल्या, खाली हलकी सावली दिली आणि त्यावरही तोच ग्रेन घातला.

शेवटची तपासणी गामा बराच वाढवून करते. नेहमीच्या उजेडात लपलेली ठिगळाची कड तेव्हा उघडी पडते. त्यानंतर शॉट पूर्ण आकारात, खऱ्या वेगानं पाहायचा, कारण थरथर स्थिर फ्रेममध्ये दिसतच नाही.

कॅमेरा दाराला वळसा घालून गेला असता, तर एका सपाट भिंतीचा हा हिशेब पुरला नसता. जागेची खोली मोजणारं थ्रीडी कॅमेरा ट्रॅकिंग लागलं असतं. आणि भिंत कोरी, नुकती रंगवलेली असती, तर ट्रॅकरला धरायला काहीच मिळालं नसतं. म्हणून चित्रीकरणाच्या आधी विचारणाऱ्यांना मी सांगते: वस्तू झाकायला वेळ नसेल, तर तिच्या आसपास त्याच भिंतीवर टेपचे चार छोटे तुकडे लावा, आणि माणसं निघून गेल्यावर त्याच उजेडात रिकाम्या भिंतीचे काही सेकंद घेऊन ठेवा. टेप नंतर काढता येते. न चित्रित केलेली भिंत मात्र तासन्‌तास बसून रंगवावी लागते.