रोजमेळात न आलेले रुपये

लक्ष्मी रस्त्यावरील एक कापड व्यापारी दर दोन महिन्यांनी धाकट्या भावासह मोटारीने मुंबईच्या मंगलदास मार्केटमध्ये खरेदीस जात. रोजमेळात त्या दिवशी प्रवासापोटी एकच रक्कम पडे : पेट्रोल, २,१०० रुपये. डेक्कन क्वीनच्या वातानुकूलित डब्याचे भाडे एकेरी सुमारे ४०० रुपये, म्हणजे दोघांचे जाऊन-येऊन १,६००. कोथरूडहून स्थानकापर्यंत दोन वेळची रिक्षा ३००. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून बाजारपेठ पायी गाठता येते. एकूण १,९००. फरक अवघा दोनशेचा असल्याने मोटारच सोयीची वाटे.

वाणिज्य शाखेत शिकणाऱ्या मुलाने हा हिशेब पुन्हा मांडला. द्रुतगती मार्गाचा टोल १ एप्रिल २०२३ पासून मोटारीस एका वेळचा ३२० रुपये आहे. दोन्ही वेळचे ६४० रुपये फास्टॅगमधून परस्पर वळते होत आणि तो फास्टॅग वडिलांच्या घरगुती खात्याला जोडलेला असल्याने पेढीच्या वहीत त्यांची नोंदच नसे. राष्ट्रीय महामार्गांसाठीचा वार्षिक पास येथे उपयोगी नाही, कारण हा मार्ग राज्याच्या रस्ते विकास महामंडळाकडे आहे. मुंबईच्या वेशीवरील टोल मात्र ऑक्टोबर २०२४ पासून मोटारींना माफ आहे. दिवसभराचे पार्किंग ३०० धरता रोखीचा खर्च ३,०४० झाला.

खरा वाद घसाऱ्यावर झाला. वडिलांनी विम्याचा हप्ताही प्रवासांवर वाटून लावावा, असे सुचविले. मुलाने ते मानले नाही. विमा मोटार दारात उभी असली तरी भरावाच लागतो, तेव्हा मुंबईला न गेल्याने त्यातील एक रुपयाही वाचत नाही. टायर, तेलबदल, ब्रेक आणि धावेनुसार घटणारी विक्रीची किंमत यांचे तसे नाही. त्यापोटी किलोमीटरला ३ रुपये, म्हणजे ३२० किलोमीटरचे ९६० रुपये त्याने लावले. बेरीज ४,००० झाली. हा तीनचा आकडा अंदाजाचाच. जुन्या सर्व्हिसिंगच्या पावत्या जुळवून तो ज्याने त्याने काढावा. पेट्रोलचेही तेच : टाकी काठोकाठ भरून निघावे, परतल्यावर पुन्हा तशीच भरावी, म्हणजे घाट आणि मुंबईतील खोळंबा धरून खरी खपत कळते.

दोघांसाठी मोटार दुपटीहून महाग ठरली. तिघांना रेल्वेचा खर्च २,७०० येतो, तेव्हाही रेल्वेच स्वस्त. चौघे झाले की रिक्षाही दोन लागतात आणि रेल्वेची बेरीज ३,८०० वर जाऊन मोटारीजवळ पोहोचते. घसारा न धरणाऱ्यास तेथे मोटारच स्वस्त दिसेल.

पुढच्या खरेदीस दोघे बंधू सकाळी सव्वासातच्या डेक्कन क्वीनने गेले. कापडाचे गठ्ठे नेहमीप्रमाणे ट्रान्सपोर्टनेच आले. दिवाळीत आई-वडिलांना घेऊन जाताना मात्र मोटार बाहेर निघाली, आणि रोजमेळात त्या दिवशी टोल व पार्किंग वेगळ्या ओळींत लिहिले गेले.