उपमान कोठे थांबते?



अलंकारांचा अभ्यास करताना उपमेचे चार घटक आपण पाहिले आहेत : उपमेय, उपमान, साधारणधर्म आणि साधर्म्यवाचक शब्द. कवी मुखाला चंद्राची उपमा देतो तेव्हा आपण चंद्राची आल्हादकता तेवढी उचलतो आणि त्यावरचे डाग सोडून देतो. हे आपल्याला जमते, कारण मुख आपण पाहिलेले असते. शास्त्रीय संकल्पनेचे तसे नसते. तेथे उपमेय डोळ्यांना दिसत नाही, ते उपमानाच्या आधारानेच समजून घ्यायचे असते. साहजिकच उपमानातले काय घ्यावे आणि काय टाकावे, हे वाचकाला स्वतःहून ठरवता येत नाही. ते लेखकानेच सांगावे लागते.

भाषाविज्ञान हा माझा विषय. परंतु विज्ञानविषयक मराठी पाठांचे भाषासंपादन काही वर्षे माझ्याकडे होते. त्या कामात मी एक साधे कोष्टक वापरू लागलो. त्याचे रकाने चार : संकल्पना, उपमान, साम्य आणि मर्यादा. पहिले तीन रकाने अलंकारशास्त्राने आपल्याला दिलेलेच आहेत. चौथा मात्र नव्याने आखावा लागतो, आणि या लेखात मला बोलायचे आहे ते मुख्यतः त्याविषयीच.

विजेचे उदाहरण घेऊ. विजेसंबंधीचे मराठी शब्द पाहिले तर पाण्याचे उपमान भाषेतच मुरलेले दिसते. प्रवाह, धारा, वाहिनी, उच्चदाब, वीजगळती हे सारे शब्द पाण्याच्या घरचे आहेत. ‘करंट’ या शब्दाच्या मुळाशीही वाहण्याचाच अर्थ आहे. अशी रूपके रूढ झाली की ती रूपके आहेत याचाच विसर पडतो, आणि मर्यादा सांगण्याची गरज कोणाला वाटत नाही.

ती गरज मला दाखवून दिली आमच्या एका विद्यार्थ्याने. हे गृहस्थ दिवसा वायरमनचे काम करीत आणि रविवारी संपर्कसत्राला येत. ‘नळातून पाणी वाहावे तशी तारेतून वीज वाहते’, हे पाठातील वाक्य वाचून त्यांनी विचारले, “सर, पाण्याला एकच नळ पुरतो. मग दिव्याला दोन तारा का लागतात?”

प्रश्न उपमानाच्या वर्मावर बोट ठेवणारा होता. नळाचे पाणी घरात येते, वापरले जाते आणि संपते. वीजही अशीच दिव्यात ‘संपते’, असे मानणारे पुष्कळ असतात. उपमानच त्यांना तसे मानायला लावते. वस्तुतः दिव्याकडे एका तारेने जितका प्रवाह जातो, तितकाच दुसऱ्या तारेने परततो. दिव्यात खर्च होते ती ऊर्जा. प्रवाह खर्च होत नाही. आमच्या विद्यार्थ्याला हे हाताने ठाऊक होते. क्लॅम्पमीटर जाणाऱ्या तारेला लावला काय किंवा परतणाऱ्या तारेला लावला काय, आकडा एकच येतो, असे त्यांनीच वर्गाला सांगितले.

त्यानंतर आम्ही सर्वांनी मिळून फळ्यावर कोष्टक मांडले, ते असे :

| संकल्पना | उपमान | साम्य | मर्यादा |
|---|---|---|---|
| विद्युतप्रवाह | नळातील पाणी | मार्गातून सतत वाहतो. | पाणी टोकाला वापरले जाते. प्रवाह जितका जातो तितकाच परततो. |
| विभवांतर | टाकीची उंची | ते वाढले की प्रवाह वाढतो. | टाकी रिती होताना पाण्याचा दाब घटत जातो. चांगल्या बॅटरीचे विभवांतर बराच काळ जवळपास स्थिर राहते. |
| रोध | अरुंद नळी | तो वाढला की प्रवाह घटतो. | शेजारी दुसरी अरुंद नळी जोडली की अडथळा वाढला असे वाटते. प्रत्यक्षात प्रवाह वाढतो. |
| कळ | नळाची तोटी | प्रवाह सुरू वा बंद करते. | नळ उघडला की पाणी वाहते. परिपथ बंद केला की वीज वाहते. |

साम्याच्या रकान्यात केवळ नाम न लिहिता क्रियापदासह पूर्ण वाक्य लिहिले आहे, हे आपल्या लक्षात आले असेल. ‘पाणी म्हणजे वीज’ एवढे म्हटल्याने काहीच कळत नाही. काय वाढले की काय घटते, हा संबंध सांगितला तरच साम्य तपासता येते.

तिसऱ्या ओळीतील मर्यादा थोडी उलगडून पाहू. १२ व्होल्टच्या बॅटरीला ६ ओहमचा एक रोध जोडला, तर २ अँपिअर प्रवाह वाहतो. तसाच दुसरा रोध पहिल्याच्या पुढे, एकाच मार्गात जोडला, तर प्रवाह १ अँपिअर होतो. तोच शेजारी, समांतर जोडला, तर प्रत्येकातून २ अँपिअर वाहतात आणि बॅटरीतून एकूण ४ अँपिअर निघतात. येथे पाण्याचे उपमान चुकीचे नाही; दोन नळ्यांतून पाणीही अधिकच जाईल. पण अरुंद नळी म्हटले की मनात केवळ अडथळा उभा राहतो. त्याऐवजी जत्रेतली गर्दी आणि मंडपाचा अरुंद दरवाजा डोळ्यांपुढे आणा. शेजारी दुसरा तसाच दरवाजा उघडला तर दुप्पट माणसे बाहेर पडतील, हे सांगावे लागत नाही.

डेड्रे गेंटनर आणि डोनाल्ड गेंटनर या संशोधकांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नेमका हाच भेद आढळला. विजेला पाणी समजणाऱ्यांना बॅटऱ्यांच्या जोडणीचे प्रश्न अधिक चांगले सुटले, तर गर्दी समजणाऱ्यांना रोधांच्या जोडणीचे. गर्दीच्या चित्रात विभवांतराला नेमके स्थान सापडत नाही, तर पाण्याच्या चित्रात समांतर रोध सहज दिसत नाहीत. म्हणून एका संकल्पनेला कधीकधी दोन उपमाने द्यावी लागतात, आणि दोघांच्याही मर्यादा निरनिराळ्या लिहाव्या लागतात.

चौथा रकाना भरण्याची एक भाषिक रीत आहे. उपमानाविषयी एक खरे वाक्य लिहावे, त्यापुढे ‘म्हणून’ हे उभयान्वयी अव्यय ठेवावे आणि उपमेयाविषयीचे वाक्य पूर्ण करावे. ‘नळाचे पाणी घरात संपते, म्हणून वीज दिव्यात संपते.’ मग हे दुसरे वाक्य निरीक्षणाशी ताडून पाहावे. ते टिकले तर साम्याच्या रकान्यात जाते, कोसळले तर मर्यादेच्या.

हा रकाना रिकामा राहिला तर काय बिघडते? अनेक घरांतील वीजफलकावर गळतीरोधक स्विच असतो. जाणारा आणि परतणारा प्रवाह यांची तो अखंड तुलना करतो. दोहोंत फरक पडला, तर काही प्रवाह भलत्या वाटेने, कदाचित माणसाच्या शरीरातून, जमिनीत जात आहे असा त्याचा अर्थ होतो. घरगुती वापरात बहुधा ३० मिलीअँपिअरच्या फरकावर खटका पडेल असे उपकरण निवडतात. ‘वीज दिव्यात संपते’ असे मानणाऱ्याला या उपकरणाचे तत्त्व कळणारच नाही. परतणारा प्रवाह कमी असणे त्याला स्वाभाविकच वाटेल. खटका वारंवार पडू लागला की असा माणूस उपकरणालाच दोष देईल आणि ते काढून टाकायला सांगेल. गळती मात्र तशीच राहील.

स्वाध्याय : ‘वीजगळती’ या शब्दासाठी चारही रकाने भरा. फुटलेल्या नळीतून पाणी हवेत उडते. तुटून लोंबणाऱ्या तारेतून वीज तशी सांडत नाही, तरीही तिला हात लावणे जीवघेणे ठरू शकते. ही दोन्ही वाक्ये चौथ्या रकान्यात कशी मांडाल?