एकच सिनेमा, तीन घड्याळं

लांबच्या माणसांबरोबर मोबाईलवर सिनेमा बघणार असाल, तर एक गोष्ट आधी लक्षात घ्या. वॉच पार्टीत तुमचा सिनेमा दुसऱ्याच्या घरी जात नाही. प्रत्येकाचा फोन आपापल्या नेटवरून तो वेगळा मागवतो. म्हणून सशुल्क ॲप असेल तर बहुतेक वेळा प्रत्येकाकडे वर्गणी लागते. एकमेकांकडे जातो तो फक्त निरोप: ‘४१ मिनिटांवर आहोत, चालू करा.’

आई सांगलीला, भाऊ बडोद्याला, मी बंगळुरूला. निरोप तिघांना जवळजवळ एकदमच मिळतो, पण आईच्या फोनवर गोल चक्र फिरत राहतं. काही ॲप सगळ्यांना थांबवतात. काही मागे पडलेल्याला उडी मारून पुढे आणतात आणि नेमका महत्त्वाचा संवाद गाळला जातो. आईला वाटतं, सिनेमाच तुटक आहे.

व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअर केली, तर चित्र एकाच फोनवरून जातं आणि हा घोळ टळतो. पण पैसे भरून बघायच्या ॲपवर समोरच्याला बहुधा काळा पडदा दिसतो. नक्कल होऊ नये म्हणून तो मुद्दाम ठेवलेला असतो, फोन बिघडलेला नसतो.

मागे-पुढे कोण आहे, हे ओळखायची माझी युक्ती सोपी आहे. सोबत साधा फोन चालू ठेवायचा आणि एकाने क्षणभर हेडफोन काढायचा. त्याच्याकडचा सिनेमाचा आवाज तुम्हाला किंचित उशिरा येणारच, कारण फोनवरून यायला त्याला वेळ लागतो. तेवढं सोडून द्या. पण त्याच्याकडचा संवाद तुमच्या आधी ऐकू आला, तर तुम्हीच मागे आहात, यात शंका नको. मग सगळ्यांनी थांबायचं, मिनिट-सेकंदाचा एकच आकडा लावायचा आणि ‘तीन, दोन, एक’ म्हणून सुरू करायचं.

क्रिकेटच्या थेट सामन्याला मात्र हे जमेलच असं नाही. थेट प्रक्षेपण प्रत्येकाकडे वेगवेगळ्या उशिराने पोचतं. पुढे असलेल्याला थांबून मागे यावं लागतं, आणि विकेट पडायच्या बेतात असताना कोण थांबतंय!

चॅटचं दुखणं वेगळंच. भावाचा हसरा चेहरा विनोदाच्या आधीच येऊन टपकतो. आईला मराठीत टाइप करायला वेळ लागतो, त्यात कीबोर्डने अर्धा पडदा झाकलेला. तिचं ‘हा कोण?’ येतं तेव्हा पडद्यावर तिसराच माणूस असतो. म्हणून आमच्याकडे मिनिट लिहून प्रश्न विचारायची पद्धत आहे, आणि उत्तरं मध्यंतरात. मध्यंतर आम्हीच घेतो, दहा मिनिटांचं, चहापुरतं.

परवा मध्यंतरात आईचा एकच निरोप होता: ‘४१:२०. हा अगदी आपल्या शेजारच्या काकांसारखा चालतो.’ आम्ही तिघांनी तो प्रसंग मागे नेऊन पुन्हा बघितला. खरंच तसाच चालत होता.