खरा शेवट कोणता?

खेळ संपला की खेळणारा विचारतो, “यातला खरा शेवट कोणता?” संवादांचे फाटे असलेले खेळ लिहिणाऱ्या मला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. त्याचं उत्तर खेळ लिहून झाल्यावर देता येत नाही. ते पहिला फाटा लिहिण्याआधीच ठरवावं लागतं.

सध्या लिहीत असलेल्या खेळाचंच उदाहरण घेते. हिंगणघाटजवळचं एक गाव, कोरडवाहू कपाशीचं पाच एकर वावर, म्हातारे बाबा, आणि पुण्यात नोकरी करणारा मुलगा. तो दिवाळीला घरी येतो. खेळणारा म्हणजे हा मुलगा. ओसरीवर बाबा त्याला एक प्रश्न विचारतात. मी ‘इंक’ नावाच्या संवादलेखनाच्या भाषेत लिहिते. त्यात हा प्रसंग असा दिसतो:

```
VAR promise = false
VAR burden = 0

बाबा: तू येशील वापस, का इकून टाकू वावर?
* [“येतो, बाबा.”]
  ~ promise = true
* [“तुमीच ठरवा.”]
  ~ burden += 1
* [गप्प राहा]
  ~ burden += 2
- बाबा उठले. “चाल, जेवून घे.”
```

तारांकित ओळी म्हणजे खेळणाऱ्यापुढचे पर्याय. खालची आडवी रेघ त्या तिन्ही वाटा पुन्हा एकत्र आणते. काहीही निवडलं तरी बाबा उठतातच, जेवण होतंच. ही फसवणूक वाटू शकते, पण तिच्याशिवाय असा खेळ लिहून होत नाही. सहा ठिकाणी तीन-तीन पर्याय ठेवले आणि वाटा कुठेच जोडल्या नाहीत, तर 729 वेगवेगळ्या गोष्टी लिहाव्या लागतील. म्हणून वाटा जोडायच्या आणि निवडीची आठवण ठेवायची. `promise` मध्ये शब्द दिल्याची नोंद राहते, `burden` मध्ये बाबांवर टाकलेला भार साठतो. गप्प राहण्याचा भार मी “तुमीच ठरवा” पेक्षा जास्त धरला आहे, कारण त्या घरात उत्तर न देणं हेही उत्तरच असतं, आणि ते अधिक लागतं. चार प्रसंगांनंतर बाबा मुलाशी कसे बोलतील हे या नोंदींवरून ठरतं.

शेवट तीन आहेत. वावर विकलं जातं. मुलगा परत येतो. किंवा वावर मक्त्याने दिलं जातं आणि निर्णय वर्षभर पुढे ढकलला जातो. आता यातला खरा कोणता?

इथे मी एक नियम पाळते. फाटे लिहिण्याआधी एक पान लिहून काढते. खेळ सुरू होण्यापूर्वी जे घडून गेलंय ते सगळं त्या पानावर असतं, आणि खेळणाऱ्याच्या कुठल्याही निवडीने त्यातली एक ओळही बदलत नाही. या गोष्टीच्या पानावर आहे, की 2017 च्या गुलाबी बोंडअळीच्या हंगामात पीक गेलं, बाबांनी गावच्या सोसायटीतून घेतलेलं कर्ज थकलं, आणि त्यांनी ते मुलाला सांगितलं नाही. निवडीने बदलतं ते इतकंच, की मुलाला हे कधी आणि कोणाकडून कळतं.

मुलाने दुसऱ्या दिवशी वावरात जाऊन विचारलं, तर बाबाच सांगतात. विचारलं नाही आणि विक्रीची वाट धरली, तर त्याला ते सातबाऱ्यावर दिसतं. व्यवहारासाठी काढलेल्या उताऱ्यात ‘इतर अधिकार’ या रकान्यात सोसायटीचा बोजा नोंदलेला असतो. घेणारा माणूस त्यावर बोट ठेवतो आणि बाबा नजर वळवतात. परत येण्याच्या शेवटात नवं पीककर्ज मागायला गेल्यावर सोसायटीचा सचिव जुनी थकबाकी वाचून दाखवतो. कर्ज एकच. पण वावरात बाबांकडून कळलेलं कर्ज, उताऱ्यावर कळलेलं आणि परक्याच्या तोंडून कळलेलं, यांत बाप-लेकाचं नातं तीन वेगवेगळ्या जागी येऊन थांबतं.

हा नियम मोडला की काय होतं, ते रहस्यकथांच्या खेळांत लगेच दिसतं. खेळणाऱ्याने ज्याच्यावर संशय घेतला तोच खुनी निघावा अशी रचना केली, तर दुसऱ्या फेरीत पहिल्या फेरीतले सगळे पुरावे पोकळ ठरतात. तिथे कुठलाच शेवट खरा उरत नाही, कारण शोधण्यासारखं काही घडलेलंच नव्हतं. ही गफलत ओळखायला मी प्रत्येक शेवटापासून उलटी वाचत येते. त्या शेवटातली पात्रं भूतकाळाबद्दल जे जे बोलतात ते वेगळं काढते आणि त्या पानाशी ताडून बघते. एका शेवटात बाबा म्हणाले, “कर्ज नवतंच कधी”, तर ते मुलाला वाचवायला खोटं बोलताहेत की मीच विसरले, हे मला ठाऊक असलं पाहिजे. खोटं बोलत असतील तर तसा सुगावा जवळपास हवा.

काही खेळ एका शेवटाला उघड मान देतात. 2015 च्या ‘अंडरटेल’मध्ये कोणालाही न मारता खेळलं तरी सर्वांत भरलेला शेवट पहिल्या फेरीत मिळत नाही. एकदा अपुरा शेवट पाहावा लागतो, मगच ती वाट उघडते. तिथे हे शोभतं, कारण खेळणाऱ्याने मागे काय केलं हे लक्षात ठेवणं हाच त्या खेळाचा विषय आहे. माझ्या गोष्टीत तसा कुलूपबंद शेवट ठेवला, तर खेळणारा बाबांना उत्तर देणं सोडून किल्ली शोधू लागेल. “येतो” म्हणण्यामागे मग वचन उरणार नाही.

उलट टोकाला 2001 चा ‘सायलेंट हिल 2’ आहे. तिथला शेवट बराचसा नकळत ठरतो. जखमी अवस्थेत तुम्ही उपचार न करता किती काळ राहिलात, पत्नीचा फोटो आणि पत्र पुन्हा काढून पाहिलंत का, सापडलेल्या सुरीकडे निरखून बघितलंत का, हे खेळ गुपचूप मोजतो. तो शेवट म्हणजे तुम्ही कसे वागलात त्याचा निष्कर्ष. `burden` ची नोंद खेळणाऱ्याला दाखवायची नाही, हे मी त्यावरून ठरवलं. आकडा दिसला की माणूस बापाकडे बघत नाही, आकड्याकडे बघतो.

खरी अडचण पुढचा भाग लिहिताना येते, कारण तेव्हा काहीतरी घडलेलं धरावंच लागतं. ‘डॅगरफॉल’ या 1996 च्या खेळाला अनेक शेवट होते. त्याच मालिकेतल्या 2002 च्या ‘मॉरोविंड’ने काळच दुभंगला असं सांगून ते सगळे एकाच वेळी घडल्याचं ठरवलं. कल्पना देखणी आहे, पण प्रत्येक शेवट घडला म्हटल्यावर कोणाचीच निवड वेगळी उरत नाही. 2024 च्या ‘लाइफ इज स्ट्रेंज: डबल एक्सपोजर’ने 2015 च्या मूळ खेळाचा शेवट खेळणाऱ्यालाच विचारला, तोही संवादातून. नायिका नव्या मैत्रिणीशी जुन्या दिवसांबद्दल बोलते, आणि ती काय सांगते त्यावरून काय घडलं होतं ते ठरतं.

मला ही रीत सर्वांत न्याय्य वाटते. माझ्या लेखी खरा शेवट म्हणजे खेळणारा पहिल्या फेरीत, पुढचं काही माहीत नसताना जिथे पोचला तो. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत तो माझी रचना तपासत असतो. पहिल्या फेरीत तो बाबांना उत्तर देत असतो. त्या उत्तरावर माझा हक्क नाही. पुढचा भाग लिहिलाच, तर पहिल्याच प्रसंगात बसस्टँडवर गावचा कोणी त्या मुलाला विचारेल, “काय केलं गा मंग वावराचं?” खाली तीन उत्तरं असतील, आणि तिन्हींच्या मागे तेच एक थकलेलं कर्ज असेल.